हटवा म्हणालात, पण न्यायचे कुठे?

(नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना एका टायरवाल्याचे खुले पत्र)

मा. मुख्याधिकारी साहेब,


गेल्या मंगळवारी तुमच्या कार्यालयाचा शिपाई हमरस्त्यावरच्या आम्हा सगळ्या टायरवाल्यांना एकेक नोटीस देऊन गेला. पावसाळ्यापूर्वीची मोहीम म्हणून दुकानासमोरचे आणि मागचे जुने टायर सात दिवसांच्या आत हटवावेत, अन्यथा दंड. नोटीस योग्यच आहे. मी सही करून घेतली. मग चष्मा लावून पुन्हा वाचली, उलटीसुलटी करून पाहिली. ‘हटवावेत’ हा शब्द दोनदा आला आहे, पण कुठे न्यावेत ते कुठेच नाही.

मी शिपायाला विचारलं. तो भला माणूस, म्हणाला, “काका, कुठंही न्या, फक्त इथं दिसू देऊ नका.” साहेब, गावातले टायर गेली तीस वर्षं याच नियमाने हलतायत. इथं दिसू नये म्हणून ओढ्यात, ओढ्यात दिसू नये म्हणून कचरा डेपोवर, आणि डेपोवर फार झाले की एका रात्री आग. फेब्रुवारीत लागली तशी. त्या रात्रीचा धूर तुमच्या बंगल्यापर्यंतही आला असेल. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानाच्या पाटीवर बोट फिरवलं तर काजळ निघालं.

मी रिमोल्डिंगचं काम करतो. बाहेर रस्त्याकडेला पंक्चर, आत रिमोल्डचं चेंबर. आयुष्य टायरात गेलं म्हणून चार गोष्टी सांगायचा अधिकार आहे असं समजतो, आणि उघड लिहितोय कारण नोटीसही उघडच होती.

सगळे टायर एका जातीचे नसतात, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. ट्रकचा टायर पन्नास-पंचावन्न किलोचा असतो आणि तो घासला म्हणून संपत नाही. टायरची किंमत त्याच्या नक्षीत कमी आणि केसिंगमध्ये, म्हणजे आतल्या सांगाड्यात, जास्त असते. आमच्याकडे ट्रकचा टायर आला की आधी तो फाकवून आतून बघतो, बाहेरून हातोडीने ठोकत जातो. टणक आवाज आला तर ठीक. एखाद्या जागी बद्द वाजलं तर आत थर सुटले आहेत असं समजायचं आणि टायर बाजूला टाकायचा. बाजूला फुगा नसेल, कट तारेपर्यंत गेला नसेल, तर बफिंग मशीनवर जुनी नक्षी खरवडून काढतो, कुशन गम लावतो, वर नवी ट्रेडची पट्टी बसवतो आणि चेंबरमध्ये काही तास वाफेच्या आसपासच्या उष्णतेत शिजवतो. नव्या टायरच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याच्या खर्चात तो पुन्हा रस्त्यावर. चांगलं केसिंग असेल तर असं दोनदा होतं. पुढच्या चाकाला मी रिमोल्ड बसवू देत नाही, मालकाने कितीही गळ घातली तरी. मागच्या जोडचाकांना खुशाल बसवा.

म्हणून ट्रकचा टायर तुम्हाला ओढ्यात सहसा सापडणार नाही. त्याला शेवटपर्यंत भाव आहे. रिमोल्डच्या लायकीचा उरला नाही तर तो ऊसतोडणीच्या टायरगाडीला जातो, तिथून निघाला की कापून त्याच्या पाट्या होतात, ज्यातून गवंड्याच्या हाताखालची माणसं माल उचलतात. कोकणात बोटींच्या कडेला धक्का झेलायला टांगतात. अगदी फाटला तरी भंगारवाला काट्यावर घेतो.

ओढ्यात सापडतो तो मोटारसायकलचा आणि स्कूटरचा टायर. अडीच-तीन किलोचा, नायलॉनचा, आत लोखंड म्हणाल तर दोन कडांना बीडची तार, बस. रिमोल्ड होत नाही. भंगारवाला घेत नाही, घेतलाच तर “दुसऱ्या मालावर फुकट टाका” म्हणतो. आणि आपल्या गावात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत दहातल्या आठ दुचाकी असतील. गिऱ्हाईक नवा टायर बसवून घेतं आणि जुना माझ्या दारात टाकून निघून जातं. “ठेवा काका, तुमच्या कामाला येईल.” माझ्या कामाला येत नाही, पण नाही म्हटलं तर तो पुढच्या वळणावर गटारात टाकतो हे मी बघितलंय. सध्या माझ्या मागच्या पडवीत असे एकशे बेचाळीस टायर आहेत. नोटीस आल्यावर मोजले.

घंटागाडी हे टायर घेत नाही. ओला नाही, सुका नाही, म्हणून. गाडीवरच्या पोराची चूक नाही. त्याने घेतला तर डेपोवर त्याला विचारतात. डेपोवरही टायर पुरता येत नाही. एकतर टायर आतून पोकळ, त्याच्या घेरात बहुतेक जागा हवेचीच, म्हणून खड्डा टायरने भरत नाही, हवेने भरतो. वर, गाडलेला टायर हळूहळू वर येतो. तुमच्या जेसीबीवाल्याला विचारा. तीन वर्षांपूर्वी खाली घातलेले टायर आज माथ्यावर आलेले त्याने पाहिलेत.

आता टायर वितळवून पुन्हा टायर का करत नाहीत असं तुम्ही विचाराल, बरेच जण विचारतात. प्लास्टिकची बादली वितळते, टायर वितळत नाही. रबरात गंधक घालून ते भाजलेलं असतं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर नावाच्या अमेरिकन माणसाला ही युक्ती सापडली आणि तेव्हापासून टायर उन्हात चिकट होत नाही, थंडीत तडकत नाही. पण भाकरी भाजली की तिचं परत पीठ होत नाही, तसं हे आहे. गंधकाने रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकलेल्या असतात. टायर टिकतो तो याच गाठींमुळे, आणि मेल्यावर सुटत नाही तोही याच गाठींमुळे.

राहिलं जाळणं. साहेब, टायर पेटायला वेळ लागतो, पण एकदा पेटला की विझत नाही. किलोमागे तो दगडी कोळशापेक्षा जास्त उष्णता देतो, आणि पोकळ असल्यामुळे आगीला हवा आतूनच मिळते. वरून पाणी मारलं तर वरचा भाग विझतो, आतली बाजू धुमसत राहते. शिवाय तापलेल्या रबरातून तेल सुटतं आणि तुमच्या बंबाचं पाणी ते तेल घेऊन ओढ्याला मिळतं. कॅनडात हॅगर्सव्हिल नावाच्या गावी फेब्रुवारी १९९० मध्ये टायरांचा एक मोठा ढीग पेटला. सव्वा कोटीच्या आसपास टायर होते. ती आग सतरा दिवस जळत होती, आणि आसपासच्या माणसांना घरं सोडावी लागली. त्यांच्याकडे यंत्रणा होती, पैसा होता. आपल्या डेपोवरची आग दोन दिवसांत संपली ती ढीग लहान होता म्हणून. शिवाय तुमच्या आरोग्य निरीक्षकाने दुसऱ्या दिवशी सकाळी मुरमाच्या दोन डंपर गाड्या त्यावर ओतायला लावल्या. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही, पण त्याला आग कळत होती. टायरला पाणी नाही, माती लागते.

धुरात काय असतं ते डोळ्यांनाच कळतं, पण कागदावरही सांगतो. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, तोच घशाला चावतो. अर्धवट जळालेल्या रबरातून बेंझीन निघतं, डांबराच्या जातीची तेलकट रसायनं निघतात. त्यातली काही कर्करोग करणारी म्हणून ओळखली जातात. आणि तो काळा धूर म्हणजे टायरमधला काजळीचा भाग आणि न जळालेलं रबर, इतकं बारीक की फडक्याने नाक बांधून थांबत नाही. मागे राहिलेल्या राखेत जस्त असतं. ती राख पावसाने शेतात जाते.

यातला काही भाग आम्ही सणासारखा साजरा करतो. रास्ता रोको म्हटलं की दोन टायर पेटलेच पाहिजेत, नाहीतर फोटो येत नाही. होळीतही हल्ली एखादा टायर असतोच, लाकडं महाग झाली म्हणतात. आंदोलनाच्या मागण्या बहुतेक वेळा बरोबरच असतात, मी त्यात गेलोही आहे. पण रस्त्यावर टायर जाळला की खालचं डांबर वितळतं आणि तिथे पुढच्या पावसात खड्डा पडतो. मग त्या खड्ड्यासाठी पुन्हा रास्ता रोको. हा विनोद नाही, आमच्या चौकातला खड्डा असाच जन्माला आलाय.

तरी मला आंदोलनातल्या चार टायरांची तितकी भीती नाही, जितकी न दिसणाऱ्या जाळण्याची आहे. तारेसाठी जाळतात, ते बघा. काही भंगारवाले रात्री ओढ्याकडेला टायर पेटवतात, रबर जाऊ देतात आणि तार गोळा करून विकतात. कसं ओळखायचं? भंगाराच्या काट्यावर जाऊन तार हातात घ्या. टायर कापून, ओढून काढलेल्या तारेला पिवळसर चमक असते, कारण ती तार पितळ-ब्राँझच्या पातळ थराने मढवलेली असते, आणि तिला रबराचे कण चिकटलेले असतात. जाळून काढलेली तार काळपट असते, चमक गेलेली, हाताने वाकवली तर नरम लागते आणि दोन दिवसांत गंजते. तुमच्या निरीक्षकाला हे एकदा दाखवायची माझी तयारी आहे. पाच मिनिटांचं काम आहे, आणि धूर शोधत रात्री फिरण्यापेक्षा सोपं.

गुऱ्हाळंही आहेत. चुलाण चिपाडावर चालायला हवं, पण अवकाळी पावसाने चिपाड भिजलं की धग धरत नाही, मग टायर आणि जुन्या चपला जातात आत. उसाचा रस त्याच धुराशेजारी आटत असतो. सगळे असं करत नाहीत. जे करतात त्यांचं धुराडं लांबूनच ओळखू येतं. चिपाडाचा धूर पांढुरका, टायरचा काळाकुट्ट आणि खाली बसणारा.

आणि तिसरं, तेल काढायच्या भट्ट्या. बंद टाकीत टायर भरायचे, हवा न देता चारशे अंशांच्या आसपास तापवायचे. गाठी सुटतात खऱ्या, पण रबर परत मिळत नाही. निम्म्याला थोडं कमी काळं तेल, तिसरा हिस्सा काळी भुकटी, तार आणि जळणारा वायू मिळतो. तेल भट्ट्यांना इंधन म्हणून विकतात. कागदावर छान दिसतं. गडबड होते ती दार उघडताना. टाकी पुरती थंड व्हायला वेळ लागतो आणि पुढची खेप वाट बघत असते. घाईने उघडली की आत साचलेला वायू हवा लागताच पेटतो आणि भुकटी सगळीकडे उडते. २०२५ च्या जानेवारीत पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात अशाच एका कारखान्यात स्फोट झाला. दोन बाया आणि दोन लहान मुलं गेली. तिथले टायर आपल्या गावचे नव्हते, युरोपातून आलेले होते. त्यानंतर मार्चमध्ये बीबीसीने ब्रिटनमधल्या जुन्या टायरांच्या मालात ठेवलेल्या ट्रॅकरवरून ते भारतातल्या अशाच भट्ट्यांपर्यंत कसे पोचतात ते दाखवलं. तेल काढण्यासाठी परदेशातले टायर आणायला २०२२ पासून आपल्याकडे बंदी आहे, तरीही. चांगल्या, आपोआप चालणाऱ्या बंद यंत्रणाही असतात, त्यांना परवानगी मिळते. पण कोणाची कशी आहे हे टायर देणाऱ्याला दारातून कळत नाही.

आता डास, कारण तुमची नोटीस मुळात त्यासाठीच आहे.

माझ्या पडवीतला एक टायर मी परवा उचलला. आत बोटभर पाणी होतं, मार्चमधल्या अवकाळीचं. टायर उभा केला तर पाणी खाली आलं, आडवा केला तर बाजूच्या खोबणीत पसरलं, उलटा केला तर दुसऱ्या खोबणीत. टायरमधून पाणी ओतून देता येत नाही, तो फिरवला की पाणी त्याच्यासोबत आतल्या आत फिरतं. काळा रंग, सावली, आत साठलेला पालापाचोळा. डेंग्यूच्या डासाला याहून चांगली जागा कुठे मिळणार. मादी अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या वरच्या ओल्या कडेला चिकटवते. पाणी आटलं तरी ती अंडी कित्येक महिने कोरडी तग धरतात आणि पहिल्या पावसात पाणी कडेपर्यंत चढलं की उबतात. आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणजे जूनमध्ये हटवलेल्या टायरमध्ये मागच्या ऑक्टोबरचा डेंग्यूचा डास वाट बघत असू शकतो, आणि तो टायर तुम्ही जिथे पाठवाल तिथे तो जाईल. अमेरिकेत १९८५ मध्ये टेक्सासला आपल्या आशियातला पट्टेरी डास सापडला, तो जुन्या टायरांच्या मालासोबत आला असं तिथल्या शास्त्रज्ञांनी धरलं. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायला त्याला काय लागतं?

आशाताई कंटेनर सर्व्हेला येतात, हंडे-पिंप बघतात, अॅबेट टाकतात. कोरडा दिवस पाळा सांगतात. वर बघत नाहीत. साहेब, आमच्या वस्तीत वादळात पत्रे उडू नयेत म्हणून जवळजवळ प्रत्येक छपरावर दोन-चार टायर ठेवलेले असतात. ते कोरडे करायला कोण शिडी लावतं? माझ्या शेजाऱ्याला मी एक उपाय करून दिला: ड्रिलला जाड बिट लावून टायरच्या दोन्ही बाजूंना, सगळ्या घेरात वीतभर अंतराने अंगठ्याएवढी भोकं. आता कसाही ठेवा, पाणी थांबत नाही. भोक लहान ठेवलं तर पाचोळ्याने बुजतं, एवढंच. वजनाला टायरऐवजी वाळूची पोती बांधली तर अर्थात त्याहून बरं.

इथे एक गोष्ट मनातली बोलतो, राग मानू नका. स्वच्छ सर्वेक्षणाच्या वर्षी नगरपरिषदेने बागेत टायरचे मोर, टायरचे कासव, टायरच्या कुंड्या केल्या. उद्घाटनाला मीही होतो, रंगवायला टायर माझ्याकडूनच नेले होते. दुसऱ्या पावसाळ्यात रंग उडाला, मोराची मान मोडली, आणि कासवाच्या पोटात पाणी साचलं. मी हसलो नाही, कारण फ्लोरिडातल्या शहाण्या लोकांनी १९७० च्या दशकात याहून मोठा प्रकार केला होता. माशांना घर मिळावं म्हणून समुद्रात वीस लाखांच्या आसपास टायर बांधून टाकले. बांधलेल्या तारा-पट्ट्या गंजून तुटल्या, टायर सुटले आणि लाटांबरोबर खऱ्या प्रवाळांवर आपटू लागले. ते अजून पाण्याबाहेर काढतायत. टायरचा पुन्हा वापर म्हणजे दर वेळी चांगलंच असं नसतं. मी एक साधी चाचणी लावतो: या वापरामुळे एखादी नवी वस्तू विकत घ्यायची वाचली का? गोठ्यात म्हशीच्या खुराखाली टायर कापून पट्ट्या घातल्या, तर मॅट वाचली. रिमोल्ड केला, तर नवा टायर वाचला. रंगवलेल्या मोराने काहीच वाचत नाही, फक्त कचऱ्याचा पत्ता बदलतो. बागेत झोका म्हणून एक टायर, भोकं पाडून, ठीक आहे. चाळीस नकोत.

मग उरलेल्या दुचाकीच्या टायरांचं करायचं काय? मार्ग आहेत, तीन तरी नीट चालणारे. पहिला चुऱ्याचा. बीडची तार ओढून काढतात, टायर फाडून तुकडे करतात, मग दळतात. चुंबक तार ओढून घेतं, नायलॉनचा कापूस पंख्याने उडवून वेगळा होतो, आणि खाली रबराचा रवा पडतो. हा रवा डांबरात शिजवला की रबरयुक्त डांबर होतं, ज्याला रस्त्यावाले सीआरएमबी म्हणतात आणि ज्याची भारतीय मानकं ठरलेली आहेत. उन्हाळ्यात ते कमी वितळतं, चिरा कमी पडतात. अट एकच: रवा तळाला बसतो, म्हणून ते सतत ढवळत ठेवावं लागतं आणि फार तापवायचं नाही. ठेकेदाराने टँकर रात्रभर तसाच उभा ठेवला तर सकाळी रस्त्यावर साधं डांबर पडतं आणि रबर टाकीच्या तळाशी राहतं. दुसरा मार्ग रिक्लेमचा. रव्याला तेल आणि रसायनांसोबत दाबाखाली शिजवतात, गाठी थोड्याफार सुटतात, आणि ते रबर चपलेच्या तळव्याला, पायपुसण्याला, सायकलच्या टायरला चालतं. नव्या मोटारीच्या टायरमध्ये ते थोडंसंच मिसळता येतं, ताकद तितकी राहत नाही. तिसरा मार्ग सिमेंटच्या भट्टीचा. चंद्रपूरकडे सिमेंटचे कारखाने आहेत. त्या भट्टीत क्लिंकर चौदाशे अंशांवर भाजतं, तिथे टायर खरोखर पूर्ण जळतो, गंधक चुन्यात अडकतं, तारेचं लोखंड सिमेंटमध्येच जातं, राख उरत नाही. गुऱ्हाळाच्या चुलाणात आणि या भट्टीत जाळणं एकच म्हणणारा माणूस उदबत्ती आणि वणवा एकच म्हणेल. अर्थात चंद्रपूर आपल्यापासून लांब आहे, म्हणून आपल्याला चुऱ्याचाच मार्ग जवळचा.

अडचण वाटेची आहे. माझे एकशे बेचाळीस टायर म्हणजे सव्वाचारशे किलो माल, पण पिकअप निम्म्याहून जास्त भरते. सबंध टायर रचले तर त्या गाडीत दोनशे-सव्वादोनशे बसतात, म्हणजे सहा-सातशे किलो. गाडी भरली, वजन अर्धंच. भाडं मात्र पूर्ण गाडीचं. तेच टायर बीड काढून, चार तुकडे करून भरले तर तेवढ्याच गाडीत दुपटीच्या आसपास बसतात. रद्दीवाला खोकी सपाट करूनच उचलतो ना, तसंच. कापलेल्या टायरात पाणीही साचत नाही, त्यामुळे तुमची नोटीसही आपोआप पाळली जाते.

पैसे कोण देणार? इथे तुम्हाला एका नियमाची आठवण करून देतो, तुम्हाला माहीत असेलच. २१ जुलै २०२२ ला केंद्राने धोकादायक कचऱ्याच्या नियमांत टायरसाठी नवी तरतूद केली. टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर ठरावीक टायर पुनर्वापरात घालायची जबाबदारी आली: पहिल्या वर्षी २०२०-२१ मध्ये बनवलेल्या टायरांच्या ३५ टक्के, पुढच्या वर्षी ७०, आणि २०२४-२५ पासून दोन वर्षांपूर्वीच्या उत्पादनाच्या पूर्ण १०० टक्के. कंपनी स्वतः टायर गोळा करत बसत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंद असलेला कारखाना टायर दळतो, त्याबद्दल त्याला प्रमाणपत्र मिळतं, आणि कंपनी ते प्रमाणपत्र त्याच्याकडून विकत घेते. म्हणजे चुरा करणाऱ्याला रव्याचे पैसे वेगळे आणि प्रमाणपत्राचे वेगळे. त्याला टायर हवे आहेत. फक्त तो एकेका पंक्चरवाल्याच्या दारात फिरणार नाही. एका जागी, कापलेले, गाडीभर मिळाले तर येईल.

ती एक जागा आपल्याकडे नाही. हीच माझी मागणी आहे.

जुन्या बाजाराच्या मागे नगरपरिषदेचं पत्र्याचं गोदाम रिकामं आहे, वर छप्पर आहे, खाली फरशी. ते टायरांसाठी द्या. फक्त दुकानदारांकडून, ठरलेल्या दिवशी, वजन करून घ्या. एक वही ठेवा: कोणाकडून किती किलो आले, कोणाला किती किलो गेले. ढीग छातीच्या वर नको, दोन ढिगांत गाडी फिरेल एवढं अंतर, दाराशी पाण्याच्या ड्रमसोबत मुरमाचा एक ढीग. महिन्यातून दोनदा कापणी. आणि एक अट कृपा करून लिहूनच ठेवा: हे टायर लिलावात काढू नका. नगरपरिषदेची सवय अशी की काहीही साठलं की लिलाव, आणि जास्त बोलीला माल. टायरला रोख सगळ्यात जास्त भाव कोण देतो, सांगू? ज्याला दळणयंत्राची वीज भरायची नाही, तो. म्हणजे भट्टीवाला, नाहीतर गुऱ्हाळवाला. लिलाव केलात तर तुम्ही पावती फाडून धूर विकत असाल. पोर्टलवर नोंद असलेला, दळणारा कारखाना निवडा, त्याच्याकडून वजनाची पावती घ्या, आणि वर्षातून एकदा तुमचा माणूस तिथे पाठवा. तिथे नायलॉनच्या कापसाचा ढीग आहे का, तारेला पिवळी चमक आहे का, एवढं बघितलं तरी पुरे.

हे सगळं केलं तरी एक तोटा राहील. आपल्या तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरचे टायर या गोदामापर्यंत येणार नाहीत. शेतकरी ते बांधाला लावेल, पत्र्यावर ठेवेल. त्यासाठी ग्रामपंचायतींशी बोलावं लागेल, ते माझ्या हातात नाही. आणि दुकानदारही सगळे येणार नाहीत. वाहतुकीला पैसे पडले की काहीजण पुन्हा ओढा गाठतील. म्हणून गिऱ्हाइकाकडून नव्या टायरमागे दहा रुपये जुन्याच्या विल्हेवाटीचे घ्यावेत असं आमच्या बैठकीत ठरतंय. मी घ्यायला सुरुवात केली आहे. दोघांनी कटकट केली, बाकीच्यांनी दिले.

नोटिशीची मुदत परवा संपते. माझे टायर मी हलवलेले नाहीत. त्यातल्या नव्वद टायरांच्या बीडच्या तारा काढून झाल्या आहेत, त्या वेगळ्या बांधून ठेवल्यात, पिवळ्या दिसतात. बाकीचे या रविवारी होतील. कापायचं यंत्र माझं आहे, ते गोदामात आणून बसवतो. वीजजोडणी तुम्ही द्या. दंडाची पावती फाडायला शिपाई आला तर त्याच्याबरोबर गोदामाची किल्लीही पाठवा.

कळावे,
आपला,
हमरस्त्यावरचा एक रिमोल्डवाला